घराचा नकाशा वाचताना: स्केल, मापं आणि खुणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमरावती, यवतमाळ, वर्धा भागातल्या गावांतून घर बांधायला निघालेली मंडळी नकाशाचा फोटो पाठवून जे प्रश्न विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं आखणीच्या दिवसाकडे बघून लिहिली आहेत, कारण फक्की पडून खड्डे खोदले गेले की नकाशातली चूक दुरुस्त करायला पैसे लागतात, आणि त्याआधी ती फुकटात दुरुस्त होते.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे. ३० बाय ५० फुटांचा प्लॉट, रस्ता पूर्वेला, एकमजली घर. घराची रुंदी बाहेरून बाहेर ७२९० मिमी, लांबी ९९२० मिमी, आणि सगळ्या भिंती २३० मिमी म्हणजे नऊ इंची. पुढे "आपलं घर" म्हटलं की हेच समजा.

१. नकाशाच्या कोपऱ्यात "स्केल १:१००" लिहिलं आहे. याचा अर्थ काय?

कागदावरच्या एका मापाला जागेवर तशी शंभर मापं. कागदावर १ सेंटिमीटर असेल तर जागेवर १ मीटर. १:५० असेल तर कागदावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा १ मीटर, म्हणून १:५० चा नकाशा मोठा आणि जास्त बारकाव्यांचा दिसतो. मंजुरीसाठीचा नकाशा बहुतेक १:१०० वर असतो, बांधकामासाठीचा १:५० वर, आणि प्लॉट, रस्ता, विहीर दाखवणारा छोटा नकाशा १:२०० किंवा त्याहून लहान स्केलवर. एकाच कागदावर तीन वेगळे स्केल असू शकतात, म्हणून प्रत्येक चित्राच्या खाली लिहिलेला स्केल वेगळा वाचा.

जुन्या नकाशांवर "१ इंच = ८ फूट" असंही सापडतं. हा स्केल १:९६ होतो. १:१०० च्या इतका जवळ आहे की लोक दोन्ही एकच समजतात, पण फरक चार टक्क्यांचा आहे, आणि ३० फुटांवर तो सव्वा फुटाच्या आसपास जातो.

२. नकाशा मोबाईलवर आला. झेरॉक्सच्या दुकानातून काढून पट्टीने मोजला तर खोली जेमतेम सात फुटांची येते. इंजिनिअर चुकला का?

बहुतेक वेळा चूक छपाईची असते. आपल्या घराचा नकाशा १:५० वर ए-३ कागदासाठी काढला आहे. त्यात ३००० मिमीची खोली कागदावर ६० मिमी असते. दुकानदाराने तोच नकाशा ए-४ वर काढला की सगळं सुमारे ७१ टक्क्यांवर येतं आणि खोली कागदावर ४२ मिमीची होते. तुम्ही १:५० धरून मोजली, की २१०० मिमी, म्हणजे जेमतेम सात फूट. नकाशा बरोबर आहे, त्यावर छापलेला स्केल मात्र आता त्या कागदाला लागू नाही.

एवढा मोठा फरक निदान लक्षात तरी येतो. खरा धोका किंचित आकसलेल्या प्रिंटचा. "कागदात बसवा" हा पर्याय चालू राहिला की नकाशा तीनेक टक्क्यांनी लहान होतो. ६० मिमीचे ५८ होतात, खोली २९०० मिमी वाटते आणि चार इंच कमी होतात. असा कागद डोळ्यांना अगदी बरोबर दिसतो.

म्हणून नियम एकच: नकाशावर पट्टी लावून माप काढायचं नाही, लिहिलेला आकडा वाचायचा. आकडाच नसेल तर इंजिनिअरला फोन करा आणि त्याने सांगितलेला आकडा त्याच्याकडून लिहून घ्या. प्रिंट खरी आहे की नाही हे बघायचं असेल तर आकडा लिहिलेली एखादी लांब भिंत निवडा. आपल्या घराची ९९२० मिमीची बाजू १:५० वर १९८ मिमी यायला हवी. १९२ आली तर ती प्रिंट मापासाठी निरुपयोगी आहे. खोल्या कशा लागल्या आहेत हे बघायला ती चालेल.

३. आकडे ३०००, २३०, ९९२० असे आहेत. मिस्त्री फूट-इंचातच बोलतो. बदल कसा करायचा?

एकक लिहिलं नसेल तर हे आकडे मिलिमीटरचे असतात. कोपऱ्यातल्या टिपांमध्ये "सर्व मापे मिमीमध्ये" अशी इंग्रजी ओळ सापडेल. १ फूट म्हणजे ३०४.८ मिमी आणि १ इंच म्हणजे २५.४ मिमी.

साइटवर सर्रास ३०० मिमीचा फूट धरतात. दरवाज्यापुरता तो चालून जातो, पण घराच्या लांबीवर नाही. ९९२० ला ३०० ने भागलं तर ३३ फूट आणि वर पाऊण इंच येतं. खरं माप ३२ फूट साडेसहा इंच आहे. अर्धा फूट फरक पडला, आणि तो मागच्या भिंतीच्या बाहेर, सेप्टिक टँकच्या जागेत जातो. त्यापेक्षा एका बाजूला मिमी आणि दुसऱ्या बाजूला इंच असलेला टेप घ्या आणि मिस्त्रीला मिमीची बाजू वाचायला सांगा. आठवडाभरात हात बसतो.

फुटांच्या नकाशात एक सापळा हमखास असतो. कोणी हाताने "९.१०" लिहितो. लिहिणाऱ्याच्या मनात ९ फूट १० इंच असतं, आणि कॅल्क्युलेटरवर ते ९.१ फूट म्हणजे ९ फूट सव्वा इंच होतं. पाऊण फूट गेला. टिंब दिसलं की विचारा: हे फूट-इंच आहे की दशांश फूट? ३.०० असं लिहिलं असेल तर बहुधा मीटर असतात, तरी तेही विचारून घ्या.

४. मी १० बाय १२ ची खोली सांगितली होती. नकाशात ३००० बाय ३६०० आहे. पूर्ण झाल्यावर हातात किती येईल?

३००० मिमी म्हणजे ९ फूट १० इंच, आणि ३६०० म्हणजे ११ फूट पावणेदहा इंच. इंजिनिअरने फूट ३०० चा धरून आकडा गोल केला, त्यामुळे सुरुवातीलाच दोन-दोन इंच कमी झाले.

पुढचा प्रश्न असा की माप कुठून कुठपर्यंत धरलं आहे. मापाच्या रेषेच्या दोन टोकांना बाण, टिंब किंवा तिरकी रेघ असते. ती भिंतीच्या कुठल्या कडेला टेकते हे नीट बघा. आपल्या घराची रुंदी नकाशावर अशी लिहिली आहे:

```
230 | 3000 | 230 | 3600 | 230
```

इथे भिंत आणि खोली वेगवेगळी मोजली आहे, म्हणजे ३००० हे विटेपासून विटेपर्यंतचं माप झालं. आतला गिलावा प्रत्येक बाजूला साधारण १२ ते १५ मिमी खातो, म्हणून तयार खोली सुमारे २९७५ मिमी, म्हणजे ९ फूट ९ इंच. गिलाव्यानंतर खरोखरच पूर्ण दहा फूट हवे असतील तर नकाशात ३०७५ लिहायला सांगा. लोखंडी कपाट, दिवाण, शिलाई मशीन आधीच घरात असेल तर त्यांचं माप घेऊन हे आत्ताच ठरवा.

साखळीतल्या आकड्यांची बेरीज स्वतः करून बघा. २३० + ३००० + २३० + ३६०० + २३० = ७२९०, आणि बाहेरच्या रेषेवरही ७२९० च आहे. जुळलं. जुळत नसेल तर नकाशात कुठेतरी एक आकडा बदलला आणि बाकीचे बदलायचे राहिले. स्वयंपाकघर मोठं करून द्या म्हटल्यावर हे फार वेळा होतं. ही बेरीज करायला इंजिनिअर लागत नाही, पाचवीतलं पोरगंही करून देईल.

५. सेंटर लाईनचा नकाशा वेगळा दिला आहे. त्यात तीच खोली ३२३० दाखवली आहे. कोणतं खरं?

दोन्ही खरी. सेंटर लाईन भिंतीच्या मधोमध जाते. ३००० च्या खोलीला दोन्हीकडची अर्धी-अर्धी भिंत मिळवा: ११५ + ३००० + ११५ = ३२३०. शेजारची खोली तशीच ३८३०. दोन्ही मिळून ७०६०, आणि बाहेरच्या दोन अर्ध्या भिंती मिळवल्या की पुन्हा ७२९०. ही रेषा लांब रेघ, टिंब, लांब रेघ अशी काढलेली असते.

सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. मिस्त्रीकडे खोल्यांचा नकाशा असतो, तो ३००० वाचतो आणि दोन सेंटर लाईनमध्ये ३००० ची दोरी बांधतो. भिंती उभ्या राहिल्या की आत २७७० उरतात, गिलाव्यानंतर २७४५, म्हणजे नऊ फूट. दहाची सांगितलेली खोली नऊची झाली, आणि हे कळतं तेव्हा भिंती छातीपर्यंत आलेल्या असतात.

आखणीच्या दिवशी मिस्त्रीच्या हातात फक्त सेंटर लाईनचा नकाशा द्या. दोऱ्या बांधून झाल्या की फक्की टाकण्याआधी कर्ण मोजा. आपल्या घराच्या बाहेरच्या सेंटर लाईन ७०६० आणि ९६९० आहेत, त्यामुळे कोपऱ्यातून कोपऱ्यात ११,९८९ मिमी, म्हणजे ३९ फूट ४ इंच यायला हवेत. दोन्ही कर्ण सारखे आले तर घर काटकोनात बसलं. दोघांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर खुंट्या सरकवा. बाजू बरोबर आणि कर्ण वेगळे असतील तर घर तिरपं आहे. ते पुढे फरशी बसवताना दिसतं, भिंतीच्या कडेला तुकडे निमुळते होत जातात.

६. काही रेषा तुटक आहेत. तिथे भिंत नाही का?

नाही. प्लॅन म्हणजे घर फरशीपासून साधारण १२०० मिमी उंचीवर आडवं कापून वरून बघितल्याचं चित्र. कापात जे सापडतं ते जाड रेषेत, म्हणजे भिंती आणि कॉलम. कापाच्या खाली दिसणारं बारीक रेषेत: ओटा, पायरी, संडासाचं भांडं. कापाच्या वर असलेलं किंवा जमिनीत गाडलेलं तुटक रेषेत.

हॉलच्या मधून गेलेली तुटक जोडरेषा म्हणजे बहुतेक डोक्यावरचा बीम. स्वयंपाकघरातला तुटक चौकोन माळ्याचा. भिंतीच्या बाहेरची तुटक रेषा छज्जाची किंवा स्लॅबच्या कडेची. मागच्या अंगणातला तुटक आयत म्हणजे सेप्टिक टँक. न्हाणीचं व्हेंटिलेटर उंचावर असल्यामुळे तेही तुटक असतं, आणि त्यामुळेच मिस्त्रीच्या नजरेतून सुटतं.

छज्जा असलेली बाजू बाणावरून ओळखून ठेवा (प्रश्न ९ पाहा). बीमची रेषा कुठून जाते हेही बघा. पंख्याचा हूक आणि बीम एकाच जागी येत असेल तर ते आताच सांगायला हवं.

७. डी, डी-१, डब्ल्यू, व्ही ही अक्षरं आणि दरवाज्याजवळची पाव वर्तुळाची कमान कशासाठी?

डी म्हणजे दरवाजा, डब्ल्यू खिडकी, व्ही व्हेंटिलेटर, आणि नुसतं ओ असेल तर फळ्या नसलेली मोकळी चौकट. अक्षराची मापं नकाशाच्या बाजूच्या तक्त्यात असतात. त्यात आधी रुंदी आणि मग उंची लिहितात: डी १००० बाय २१००, डी-१ ९०० बाय २१००, डी-२ ७५० बाय २१००. क्रमांक प्रत्येक इंजिनिअरचा वेगळा असतो, म्हणून शेजाऱ्याच्या नकाशावरून अंदाज करू नका.

हे माप भिंतीत सोडायच्या जागेचं असतं, माणसाला मिळणाऱ्या वाटेचं नाही. ९०० च्या जागेत दोन्हीकडची चौकट बसली की वाट ७८० ते ८०० मिमीची उरते. धान्याची कोठी किंवा मोठं फ्रीज आत न्यायचं असेल तर त्याची रुंदी या उरलेल्या वाटेशी ताडून बघा. न्हाणीचा ७५० चा दरवाजा तर चौकटीनंतर साडेसहाशेच्या आसपास येतो, म्हाताऱ्या माणसाला धरून नेताना तो अपुरा पडतो.

कमान दरवाजा कुठल्या बाजूने फिरतो ते दाखवते. कमानीचं टोक जिथे भिंतीला भिडतं तिथपर्यंत फळी जाते, तेवढी जागा रिकामी लागते. बिजागरी कोणत्या कडेला आहे तेही तिथेच कळतं. लाईटचं बटण त्याच्या समोरच्या कडेला हवं, नाहीतर ते दरवाज्याआड जातं.

८. "+०.७५", "±०.००", "एफ.एफ.एल." असे आकडे कशाचे?

हे उंचीचे आकडे आहेत, बहुधा मीटरमध्ये. त्यांच्याजवळ छोटा उलटा त्रिकोण किंवा चार भाग केलेलं गोल चिन्ह असतं. ±०.०० म्हणजे शून्य धरलेली जागा, आणि बाकीची सगळी उंची तिच्यापासून मोजतात. जी.एल. म्हणजे जमीन, पी.एल. जोतं, एफ.एफ.एल. फरशी बसल्यानंतरचा तयार तळ.

शून्य कुठे धरला आहे हा पहिला प्रश्न विचारा. काही जण रस्त्याच्या मध्याला शून्य धरतात, मग जोतं +०.७५ येतं. काही जण तयार फरशीला शून्य धरतात, मग जमीन −०.७५ लिहिलेली असते. घर तेच, लिहिण्याची पद्धत वेगळी. नुसतं "जमीन" असं लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही, कारण प्लॉट उताराचा असेल तर कुठली जमीन हे कोणालाच सांगता येत नाही.

आपल्याकडे शून्य रस्त्यावरून धरावा असं माझं ठाम मत आहे. गावात सिमेंटचा रस्ता झाला की तो आधीच्या रस्त्यावरच चढतो आणि दोन फुटांचं जोतं बघता बघता दीड फुटांचं होतं. रस्ता व्हायचा असेल तर ग्रामपंचायतीत विचारून जोतं तेवढं वर घ्या. शून्याची खूण कायमच्या जागी करा, विजेच्या खांबावर किंवा शेजारच्या पक्क्या ओट्यावर, रंगाची रेघ ओढून. मग लेव्हल पाईपने ती उंची घराच्या चारही कोपऱ्यांत आणायची. पाईपमध्ये बुडबुडा राहिला तर पाणी खोटं बोलतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी सारखं येतं का ते बघा.

दुसरी नेहमीची चूक लिंटेलची, म्हणजे दरवाजा-खिडकीवरच्या आडव्या काँक्रीटच्या पट्टीची. लिंटेलची खालची कड २१०० लिहिलेली असते, ती तयार फरशीपासून. मिस्त्रीने जोत्याच्या काँक्रीटवरून २१०० मोजले, तर नंतरचा मसाला आणि फरशी ५० ते ६० मिमी खाते. शेवटी सुतार दरवाजा खालून कापतो.

९. नकाशावरचा उत्तरेचा बाण कागदावर तिरपा का आहे?

प्लॉट सरळ उत्तर-दक्षिण नसेल तर बाण तिरपा येणारच. कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर असं धरू नका. प्लॉटवर उभे राहून मोबाईलच्या होकायंत्राने, लोखंडापासून दूर, दिशा ताडून बघा. तयार नकाशा उलटवून, डावं उजवं करून दिला असेल तर बाण तसाच राहिलेला सापडतो. वास्तुसाठी लोक बाण बघतातच. त्याबरोबर पश्चिमेची भिंत कोणती तेही बघा, कारण विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारनंतर तीच भिंत तापते आणि रात्रीपर्यंत आत उष्णता सोडते. झोपायच्या खोलीची मोठी खिडकी तिकडे असेल आणि वर छज्जाची तुटक रेषा नसेल, तर आताच सांगा.

१०. प्लॅनवर "ए" आणि "ए" अशी बाण असलेली रेषा घरातून आरपार गेली आहे. तिथे काही बांधायचं आहे का?

काही बांधायचं नाही. त्या रेषेवर घर उभं कापलं आणि बाणाच्या दिशेने बघितलं तर काय दिसेल, ते "सेक्शन ए-ए" या वेगळ्या चित्रात असतं. पायाची खोली, जोत्याची उंची, लिंटेल, स्लॅबची जाडी सगळं तिथेच मिळतं. रेषा जिन्यातून आणि न्हाणीतून गेली आहे का बघा. न्हाणीचा तळ किती खाली सोडला आहे हे सेक्शनमध्ये नसेल तर मिस्त्री अंदाजाने करतो, आणि पाणी बाहेरच्या खोलीत येतं.

११. जिन्यावर "अप" लिहून बाण काढला आहे आणि मध्येच नागमोडी रेघ आहे. पायऱ्या अर्ध्याच का?

बाण चढायची दिशा दाखवतो. नागमोडी रेघ म्हणजे प्रश्न ६ मधला काप. त्याच्या वरच्या पायऱ्या त्या मजल्याच्या प्लॅनमध्ये दिसत नाहीत.

पायऱ्या स्वतः मोजून घ्या. फरशीपासून स्लॅबच्या वरपर्यंत ३१५० मिमी आहे आणि एका पायरीची उंची १५० हवी, तर २१ चढ लागतात. मध्ये कट्टा घेऊन १० आणि ११ असे दोन भाग केले तर पाय ठेवायच्या पायऱ्या ९ आणि १० होतात, कारण प्रत्येक भागात शेवटचा चढ कट्ट्यावर किंवा स्लॅबवर संपतो. २५० च्या दहा पायऱ्या म्हणजे २५००, त्यात ९०० चा कट्टा, एकूण ३४०० मिमी. जिन्यासाठी नकाशात ३००० च ठेवले असतील तर कुठेतरी पायरी उंच होणार किंवा अरुंद होणार. कापसाची गाठोडी, वाळवणाच्या परड्या घेऊन वर जायचं असतं तिथे हे चालत नाही.

१२. कॉलमच्या कागदावर काहीतरी कोड लिहिले आहेत. मिस्त्री "चार सूत, तीन सूत" म्हणतो. मेळ कसा घालायचा?

त्या कागदावर कॉलमला सी-१, सी-२ आणि पायाच्या फुटिंगला एफ-१, एफ-२ अशी नावं असतात. लोहा असा लिहितात:

```
C1  230 x 300   8-T12
RINGS  T8 @ 150 c/c
```

पहिल्या ओळीचा अर्थ: कॉलम २३० बाय ३००, त्यात १२ मिमीच्या आठ सळया. दुसरीचा: ८ मिमीच्या रिंगा, एका रिंगेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १५० मिमी, म्हणजे साधारण सहा इंच. टी ऐवजी वर्तुळावर तिरकी रेघ असलेलं चिन्ह असेल तरी ते सळईच्या व्यासाचंच.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत ८ मिमी, तीन सूत १० मिमी, चार सूत १२ मिमी, पाच सूत १६ मिमी असा बाजारातला मेळ आहे. चार सूत खरं तर १२.७ होतात, पण मिळते ती १२ ची सळई. खरेदीची यादी मिमीमध्येच द्या. सळईचं वजनही ताडता येतं: `d² ÷ 162` म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ मिमीची १२ मीटरची सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरते.

रिंगांची संख्या मोजणं सगळ्यात सोपं. तीन मीटरच्या कॉलमला १५० वर २१ रिंगा लागतात. मिस्त्रीने आठ इंचांवर, म्हणजे जवळपास २०० वर टाकल्या तर १६ होतात. बीमच्या जवळ अंतर आणखी कमी, बहुधा १००, लिहिलेलं असतं, तेही वाचा.

एक गोष्ट आखणीच्या दिवशीच बघायची: कॉलम कोणत्या दिशेने उभा आहे. २३० ची बाजू भिंतीच्या जाडीत बसते. तोच कॉलम फिरवून लावला तर ७० मिमी खोलीत डोकावतो, आणि इंजिनिअरने ज्या दिशेच्या बीमसाठी ३०० ठेवले होते तेही बिघडतं.

१३. फुटिंगची खोली १५०० लिहिली आहे, पण आमची जमीन काळी, भारी आहे. १५०० वर मुरूम लागला नाही तर?

खोदाई थांबवू नका, आणि इंजिनिअरला बोलावल्याशिवाय फुटिंगही टाकू नका. टिपांमध्ये बघा, जमिनीची भार सहन करण्याची क्षमता एक आकडा "गृहीत" धरून लिहिलेली असते आणि पुढे "पक्का थर लागेपर्यंत" असे शब्द असतात. म्हणजे १५०० हा अंदाज आहे आणि थर ही अट आहे. गावात माती न तपासता शहरातल्या नकाशावरची टीप जशीच्या तशी उतरवलेली सापडते.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वावरात पडणाऱ्या भेगा त्याच्याच. फुटिंग त्या थरात बसलं तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तिरक्या भेगा आणि पावसाळ्यात अडकणारे दरवाजे ही त्याची ओळख. म्हणून फुटिंग काळी माती ओलांडून मुरमात न्यायचं. मुरूम फार खोल असेल तर फुटिंगऐवजी अंडररीम्ड पाईल, म्हणजे खालच्या टोकाजवळ फुगीर केलेले काँक्रीटचे खोल खांब, घेतात. काळ्या जमिनीत ते साधारण साडेतीन मीटर तरी खाली जातात, आणि त्याचा नकाशा वेगळा असतो.

खोली कुठून मोजायची तेही पक्कं करा. ती मूळ जमिनीपासून असते. भराव टाकलेल्या प्लॉटवर भरावाच्या वरून १५०० मोजले तर खरी खोली भरावाएवढी कमी होते. सेक्शनमध्ये जमिनीच्या रेषेखाली तिरक्या रेघांचे झुपके असतात ती मूळ माती. ठिपके आणि छोटे त्रिकोण दाखवले असतील ते काँक्रीट.

१४. ठेकेदार चौरस फुटावर दर लावतो. नकाशातलं कोणतं क्षेत्रफळ धरायचं?

आपलं घर बाहेरून बाहेर ७.२९ गुणिले ९.९२, म्हणजे ७२.३ चौरस मीटर, ७७८ चौरस फूट. हे बांधकामाचं क्षेत्र. खोल्यांच्या आतलं क्षेत्र जोडलं तर ५९.४ चौरस मीटर, ६३९ चौरस फूट. दर सहसा पहिल्यावर लावतात. छज्जा, बाहेरचा जिना, पोर्च आणि सेप्टिक टँक त्यात आहेत की वेगळे, हे करारात लिहून घ्या. नकाशात यातले बरेचसे तुटक रेषेत असतात आणि वादही त्यांच्यावरूनच होतो.

१५. मंजुरीचा नकाशा, कामाचा नकाशा आणि कॉलमचा नकाशा, तिघांत एक माप वेगवेगळं आहे. कोणतं पाळायचं?

आधी तारीख आणि सुधारणा क्रमांक बघा. कोपऱ्यात "आर-०, आर-१" असं काहीतरी असतं, मोठा क्रमांक नवा. जुने कागद साइटवरून उचलून आणा, कारण मिस्त्री जो हाताला लागेल तो वाचतो. एकाच तारखेच्या कागदांत फरक असेल तर लिहिलेला आकडा चित्रापेक्षा वरचढ, आणि मोठ्या स्केलवरचा तपशील लहान स्केलपेक्षा. प्लॉटच्या हद्दीपासून सोडायचं अंतर मात्र मंजुरीच्या नकाशातलंच पाळायचं. कॉलमची जागा कामाच्या नकाशाशी जुळत नसेल तर कोणताच न पाळता काम एक दिवस थांबवा आणि दोन्ही कागद इंजिनिअरपुढे ठेवा. त्याने फोनवर सांगितलेलं त्याच्याकडूनच कागदावर सही-तारखेसह लिहून घ्या.

१६. काम चालू असताना खिडकी सरकवली, पाईप दुसरीकडून नेला. नकाशावर काही करायचं का?

हो. साइटवरच्या प्रतीवर लाल पेनाने नवी जागा, कोपऱ्यापासूनचं माप आणि तारीख लिहा. कॉलम, बीम किंवा लिंटेलला धक्का लागणारा बदल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करायचा नाही. खिडकी दीड फूट सरकली तरी लिंटेलचं टेकण कॉलमजवळ कसं येतं ते त्याला बघावं लागतं. जमिनीत आणि भिंतीत गाडले जाणारे पाईप, वायरच्या नळ्या आणि सेप्टिक टँकचं झाकण यांचे बुजवण्याआधी फोटो घ्या, फोटोत टेप धरून. ती लाल खुणांची प्रत खरेदीखताच्या फाईलमध्ये ठेवा.